फिनास्टेराइड चाललं नाही, मग ड्युटास्टेराइड?

"डॉक्टर, वर्षभर फिनास्टेराइड घेतलं, काही फरक नाही. आता ड्युटास्टेराइड सुरू करू का?"

हा प्रश्न पूर्वी त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचा, आता आम्हा फिजिशियन मंडळींकडेही येतो. विचारणारा साधारण तीस ते पंचेचाळीस वयाचा पुरुष असतो. ताप किंवा बीपी दाखवायला आलेला असतो आणि उठता उठता हे विचारतो. बऱ्याचदा ड्युटास्टेराइडची पट्टी आधीच घेतलेली असते, डॉक्टरांचं फक्त 'हो' हवं असतं.

माझं मत आधीच सांगतो. ड्युटास्टेराइड हे फिनास्टेराइडपेक्षा जोरदार औषध आहे, याला चांगला पुरावा आहे. तरीही ती दुसरी पायरी आहे. पहिली पायरी खरोखर चढून झाली आहे का आणि शरीरातून महिनोन्‌महिने न निघणारं औषध या माणसाला या घडीला चालणार आहे का, हे दोन प्रश्न सुटल्याशिवाय मी त्याला 'हो' म्हणत नाही. का, ते समजून घ्या.

दोन्ही औषधं काय करतात?

पुरुषांना पडणाऱ्या आनुवंशिक टकलाचं मूळ टेस्टोस्टेरॉनमध्ये नसून त्यापासून बनणाऱ्या डीएचटी या हार्मोनमध्ये असतं. कपाळाचे कोपरे आणि डोक्यावरचा भोवरा या भागातली केसांची मुळं डीएचटीला संवेदनशील असतात. डीएचटीच्या प्रभावाखाली ती मुळं आक्रसत जातात. जाड, काळा केस प्रत्येक फेरीत थोडा बारीक, थोडा आखूड उगवतो आणि शेवटी तिथे नुसती लव उरते. मानेच्या वरचे मागचे केस मात्र शाबूत राहतात.

टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणारं एक एन्झाइम आहे, फाइव्ह-अल्फा रिडक्टेज. त्याचे मुख्य दोन प्रकार. दुसरा प्रकार केसांच्या मुळांत आणि प्रोस्टेटमध्ये जास्त असतो, तर पहिला त्वचेच्या तैलग्रंथी आणि यकृत अशा ठिकाणी. १९७४ साली डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या कुटुंबांतल्या काही पुरुषांमध्ये हे एन्झाइम जन्मतःच कमी होतं. त्यांची प्रोस्टेट लहान राहायची आणि त्यांना टक्कल पडत नसे. निसर्गाने केलेल्या त्या प्रयोगातूनच पुढे ही औषधं सुचली.

फिनास्टेराइड मुख्यतः दुसऱ्या प्रकाराला अडवतं. त्याने रक्तातलं डीएचटी साधारण ७० टक्क्यांनी उतरतं. ड्युटास्टेराइड दोन्ही प्रकारांना अडवतं, त्यामुळे रक्तातलं डीएचटी ९० टक्क्यांहून अधिक उतरतं. एका औषधाने वाड्याचा पुढचा दरवाजा बंद होतो, दुसऱ्याने परसदारही.

मग फरक किती पडतो?

७० आणि ९० हे आकडे ऐकून वाटतं की केसांतही मोठी तफावत दिसेल. पण रक्त वेगळं आणि टाळूची त्वचा वेगळी. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टाळूच्या त्वचेतलं डीएचटी मोजलं होतं. फिनास्टेराइडने, तेही केसांसाठी देतो त्याच्या पाचपट म्हणजे ५ मिलिग्रॅम मात्रेने, ते सुमारे ४१ टक्के उतरलं. ड्युटास्टेराइड ०.५ मिलिग्रॅमने सुमारे ५१ टक्के. म्हणजे फरक आहे, पण रक्ताचा अहवाल दाखवतो तेवढा नाही.

प्रत्यक्ष केसांचं काय? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ९१७ पुरुषांवरच्या एका चाचणीत भोवऱ्याजवळच्या एक इंच व्यासाच्या वर्तुळातले केस मोजले गेले. २४ आठवड्यांनी ड्युटास्टेराइड ०.५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांच्या त्या वर्तुळात सरासरी ९० च्या आसपास केस वाढले. फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे ५६ च्या आसपास. नुसती औषधविरहित गोळी घेणाऱ्यांचे पाचएक केस कमी झाले. त्या वर्तुळात मुळात कित्येकशे केस असतात हे लक्षात घेतलं, तर दोन्ही औषधं काम करतात आणि ड्युटास्टेराइड अधिक करतं, एवढाच याचा सरळ अर्थ. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या ९० पुरुषांवरच्या अभ्यासातही निष्कर्ष याच दिशेचा होता.

तुमच्या प्रश्नाला सर्वात जवळचा अभ्यास मात्र कोरियातला, छोटासा आहे. फिनास्टेराइड किमान सहा महिने घेऊनही सुधारणा न झालेल्या पुरुषांना त्यात ड्युटास्टेराइडवर आणलं. सहा महिन्यांनी ३१ पैकी २४ जणांत सुधारणा दिसली. ऐकायला छान वाटतं. पण त्या २४ पैकी १७ जणांची सुधारणा 'किंचित' या सदरात होती, ६ जणांची मध्यम आणि ठळक सुधारणा फक्त एकाची. शिवाय तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. हट्टी केसगळतीत ड्युटास्टेराइडकडून किती अपेक्षा ठेवायची, हे मला हा अभ्यास सर्वात प्रामाणिकपणे सांगतो. थोडी भर पडेल आणि घसरण थांबेल. लग्नातल्या फोटोतलं डोकं परत मिळणार नाही.

हेही जाणून घ्या की केसांसाठी ड्युटास्टेराइडला दक्षिण कोरियाने २००९ साली आणि जपानने २०१५ साली मान्यता दिली. अमेरिकेत मात्र ते फक्त प्रोस्टेटच्या वाढीसाठी मान्य आहे. केसांसाठी तिथे डॉक्टर ते स्वतःच्या जबाबदारीवर, मान्य उपयोगाबाहेर लिहून देतात.

'लागू पडलं नाही' म्हणजे नेमकं काय?

माझ्या अनुभवात फिनास्टेराइड हरल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या बाबतीत ते हरलेलंच नसतं. म्हणून मी आधी चार गोष्टी विचारतो.

पहिली, किती दिवस घेतलं? केसाच्या वाढीची फेरी लांब असते. तीन महिन्यांत गळती कमी झालेली जाणवू शकते, पण निकाल लावायला पूर्ण बारा महिने हवेत. सुरुवातीच्या काही आठवड्यांत तर जुने बारीक केस झडून गळती वाढल्यासारखी वाटते आणि नेमकं तेव्हाच लोक गोळी सोडतात.

दुसरी, रोज घेतलं का? तीस गोळ्यांची पट्टी किती दिवसांनी संपते, हे विचारलं की खरं उत्तर मिळतं.

तिसरी, तुलना कशाशी करता? आरशात रोज बघून वर्षाचा फरक कळत नाही. त्याच जागी, त्याच उजेडात, तेवढ्याच लांबीच्या कोरड्या केसांचे पुढून, वरून आणि भोवऱ्याचे फोटो हवेत. वर्षापूर्वीचा आणि आजचा फोटो सारखाच दिसत असेल, तर औषध जिंकलेलं आहे. न घेता वर्षभरात जे गेलं असतं ते गेलेलं नाही. केस टिकले म्हणजे औषध फसलं, ही समजूत सर्वात जास्त नुकसान करते.

चौथी, निदान तेच आहे का? डेंग्यू, चिकुनगुनिया, टायफॉइड, मोठं ऑपरेशन किंवा झपाट्याने केलेलं डाएट यानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून मूठ-मूठ केस जातात. ती गळती डीएचटीची नव्हे, बहुधा आपोआप थांबते. थायरॉइड आणि लोहाची कमतरताही पाहावी लागते. गोल चट्टा पडला असेल, टाळूला खाज, लाली, खपली किंवा व्रण असेल, तर आजारच वेगळा. त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोपने टाळू पाहतात तेव्हा आनुवंशिक टकलात शेजारी शेजारी जाड आणि बारीक केसांची सरमिसळ दिसते. ही खूण नसेल तर फिनास्टेराइडही कामाचं नाही आणि ड्युटास्टेराइडही.

सहा तास आणि पाच आठवडे

आता या सगळ्यातला माझ्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा मुद्दा. कुठलंही औषध सुरू करताना मी एक गोष्ट मनाशी विचारतो: हे चुकलं तर किती लवकर परत घेता येईल?

फिनास्टेराइड रक्तातून झटपट निघून जातं. तरुण माणसात त्याची पातळी अर्धी व्हायला साधारण सहा तास लागतात. एन्झाइमवरचा परिणाम त्याहून थोडा अधिक टिकतो, पण गोळी बंद केल्यावर दोन आठवड्यांत डीएचटी मूळ पातळीवर येतं.

नियमित घेतलेल्या ड्युटास्टेराइडची पातळी अर्धी व्हायला मात्र सुमारे पाच आठवडे लागतात. हिशेब करा. आज बंद केलं, तर पाच आठवड्यांनी अर्धं उरलं, दहा आठवड्यांनी पाव, पंधराने एक अष्टमांश, वीसने एक सोळांश आणि पंचवीस आठवड्यांनी, म्हणजे जवळजवळ सहा महिन्यांनी, एक बत्तिसांश. तुम्ही बंद करायचं ठरवता जानेवारीत, शरीर बंद करतं जूनमध्ये.

रक्तदानाचे नियम याच हिशेबातून आलेले आहेत. फिनास्टेराइड बंद केल्यावर एक महिना आणि ड्युटास्टेराइड बंद केल्यावर सहा महिने रक्त द्यायचं नाही. ते रक्त गर्भवतीला चढलं तर पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या घडणीवर परिणाम होऊ शकतो. याच कारणासाठी गळकी कॅप्सूल गर्भवतीच्या हाताला लागू देऊ नये. ड्युटास्टेराइड त्वचेतून आत जातं. पैसे वाचवायला फिनास्टेराइडची ५ मिलिग्रॅमची गोळी घरी चार तुकडे करणाऱ्यांनीही त्या भुकटीपासून गर्भवतीला दूर ठेवावं.

अपत्य हवं असेल तर हा हिशेब आणखी महत्त्वाचा. निरोगी पुरुषांना वर्षभर ड्युटास्टेराइड दिल्यावर शुक्राणूंची एकूण संख्या आणि वीर्याचं प्रमाण दोन्ही सरासरी एक चतुर्थांशाच्या आसपास कमी झाल्याचं आढळलं. ज्याचा अहवाल मुळात चांगला आहे त्याला हे जाणवणारही नाही. पण जो आधीच काठावर आहे, त्याला जाणवू शकतं आणि औषध बंद केल्यावर परिणाम ओसरायला कित्येक महिने थांबावं लागतं.

आणि लैंगिक तक्रारी. कामेच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, वीर्य कमी येणं हे दोन्ही औषधांनी थोड्या पुरुषांना होतं. समोरासमोरच्या चाचण्यांत ड्युटास्टेराइड यात फार वाईट ठरलेलं नाही, हे मान्य. पण त्या चाचण्या सहा-सहा महिन्यांच्या आहेत. तक्रार आली तर फिनास्टेराइडवाल्याला 'थांबवा, दोन-तीन आठवडे बघू' म्हणता येतं, ड्युटास्टेराइडवाल्याला तसं म्हणता येत नाही. फिनास्टेराइड बंद करूनही काहींच्या तक्रारी रेंगाळल्याची नोंद आहे. मनाबद्दलही सांगतो. युरोपियन मेडिसिन्स एजन्सीने २०२५ मध्ये फिनास्टेराइडच्या गोळ्यांचा दुष्परिणाम म्हणून आत्महत्येचे विचार अधिकृतपणे मान्य केले. ड्युटास्टेराइडचा तसा संबंध सिद्ध झालेला नाही, पण काम करण्याची रीत तीच असल्याने त्याच्या माहितीपत्रकातही खबरदारीची सूचना घालायला सांगितलं.

एक उदाहरण

चाकणच्या कारखान्यातले एक सुपरवायझर, वय ३८, माझ्याकडे मधुमेहाच्या तपासणीला यायचे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. दोन वर्षं फिनास्टेराइड १ मिलिग्रॅम घेऊन भोवरा विरळच होत चालला, आता 'मोठी गोळी' द्या, असं त्यांचं म्हणणं. पट्टीचा हिशेब विचारला. तीस गोळ्या पन्नास दिवस पुरत होत्या, कारण रात्रपाळीच्या आठवड्यात गोळी राहून जायची. जुने फोटो नव्हते.

मी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. निदान आनुवंशिक टकलाचंच आलं. ठरलं असं, की गोळी सकाळी दात घासताना, म्हणजे पाळी कुठलीही असली तरी चुकणार नाही अशी, सोबत मिनॉक्सिडिल ५ टक्के टाळूवर आणि पहिल्याच दिवशी तीन फोटो. वर्षभराने फोटो शेजारी ठेवले. कपाळाची रेषा जागेवर होती, पण भोवरा स्पष्टपणे आणखी उघडा पडला होता. इथे फिनास्टेराइड खरोखर कमी पडलं असं म्हणता येतं.

तरी लगेच बदललं नाही. त्यांना दुसरं मूल हवं होतं. मी म्हटलं, "आधी घर पूर्ण करा, मग डोकं बघू." आहे तेच उपचार चालू ठेवले. मूल झालं आणि नवरा-बायकोने आता बस असं ठरवलं, तेव्हा त्यांचं वय होतं ४१. वडिलांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं असल्याने सुरू करण्याआधी पीएसए केली, ती १.० आली. मग फिनास्टेराइड बंद करून त्याजागी ड्युटास्टेराइड ०.५ मिलिग्रॅम रोज एक. दोन्ही एकत्र द्यायचं काही कारण नसतं, कारण ड्युटास्टेराइड दोन्ही दरवाजे स्वतःच बंद करतं.

दहा महिन्यांनंतरच्या फोटोत भोवऱ्यावरची त्वचा पूर्वीपेक्षा कमी चमकत होती. कपाळाचे कोपरे होते तसेच राहिले. ते स्वतः म्हणाले, "पैसे वसूल म्हणणार नाही, पण थांबलंय." मला हे उत्तर पुरेसं वाटतं. 'थांबलंय' हे या औषधांचं पहिलं यश आहे.

त्यांच्या पीएसएची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. ही औषधं पीएसए साधारण निम्म्यावर आणतात, म्हणून सहा महिन्यांनंतर आलेला आकडा दुप्पट करून वाचायचा. पण फिनास्टेराइड त्यांनी आधीच वर्षानुवर्षं घेतलेलं होतं. म्हणजे सुरुवातीचा १.० हा आकडाच उतरलेला होता, खरा आकडा २ च्या आसपास धरायचा. पुढे कधी हा आकडा १.८ झाला तर प्रयोगशाळेच्या कागदावर तो नॉर्मल छापून येईल, पण औषधावर असताना पीएसए खालच्या पातळीवरून वर चढणं ही तपासण्यासारखी गोष्ट असते. म्हणून पंचेचाळिशीनंतर कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी 'मी केसांची गोळी घेतो' हे न लाजता सांगा. केसांची गोळी म्हणजे औषध नव्हे असं समजून लोक ते लपवतात आणि अहवाल चुकीचा वाचला जातो.

कोणाला मी नको म्हणतो?

ज्याला फिनास्टेराइडने लैंगिक त्रास किंवा उदासी आली होती, त्याला. औषध कमी पडणं आणि औषध न सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न सोसलेल्या औषधाचा अधिक जोरदार भाऊ हा त्यावरचा उपाय नव्हे.

ज्याला वर्ष-दोन वर्षांत मूल हवं आहे किंवा ज्याचे वीर्याचे अहवाल आधीच कमी आहेत, त्याला. नुकतंच लग्न ठरलेल्या पंचविशीतल्या मुलालाही.

ज्याला नैराश्याचा इतिहास आहे, त्याला निदान मनोविकारतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय नाही. यकृताचा गंभीर आजार असेल तर नाही, कारण हे औषध यकृतच निकामी करतं. रिटोनाविर किंवा केटोकोनॅझोलच्या गोळ्यांसारखी औषधं चालू असतील तर ड्युटास्टेराइड शरीरात आणखी साचू शकतं, म्हणून ती यादी आधी दाखवा.

आणि ज्याने ते दुकानातून परस्पर आणलं आहे, त्याला आधी पट्टी उलटी करून वाचायला सांगतो. ड्युटास्टेराइड आपल्याकडे प्रोस्टेटच्या रुग्णांसाठी टॅमसुलोसिन मिसळूनही मिळतं. नावं सारखी, खोकी सारखी. केसांसाठी ती जोडगोळी घेतली तर उठताना चक्कर येते, बीपी उतरतं, वीर्य बाहेर येत नाही. मग दोष ड्युटास्टेराइडला दिला जातो आणि केसांना टॅमसुलोसिनचा उपयोग शून्य. पट्टीवर फक्त ड्युटास्टेराइड ०.५ मिलिग्रॅम एवढंच लिहिलेलं हवं. कॅप्सूल चावायची किंवा फोडायची नाही, सबंध गिळायची. आतलं तेल तोंडाला आणि घशाला झोंबतं.

उरला तो माणूस, ज्याचं निदान पक्कं आहे, ज्याने वर्षभर रोज फिनास्टेराइड घेतलं आहे, ज्याचे फोटो घसरण दाखवतात, ज्याला ते औषध सोसलं आहे आणि ज्याचं कुटुंब पूर्ण झालं आहे. त्याला ड्युटास्टेराइड देण्यात मला संकोच वाटत नाही. फक्त एवढं सांगतो, की बंद केलं तर मिळवलेले केस काही महिन्यांत पुन्हा जातील, म्हणजे हा करार लांबचा आहे.

तुम्ही यात कुठे बसता ते आज ठरवायची गरज नाही. आज फोटो काढा, पट्टीवर सुरू केल्याची तारीख लिहा आणि बारा महिन्यांनी ते दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे जा.